ओएस/३६० आणि उशिरा वाढवलेली माणसं

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. तिच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं, म्हणजे ओएस/३६०चं, काम फ्रेड ब्रूक्स यांच्याकडे आलं. ऐन भरात या कामावर हजाराहून अधिक माणसं होती, तरी ते लांबलंच. त्या अनुभवातून ब्रूक्स यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिलं. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी लांबतो, हा नियम त्यातलाच.

त्यांचं गणित करून पाहण्यासारखं आहे. काम १२ मनुष्य-महिन्यांचं, म्हणजे एकट्या माणसाला १२ महिने लागतील इतकं; माणसं ३, मुदत ४ महिने. पहिल्या महिन्याचा टप्पा गाठायलाच दोन महिने गेले. चूक फक्त त्या टप्प्याच्या अंदाजात होती असं धरलं, तरी ९ मनुष्य-महिन्यांचं काम दोन महिन्यांत उरकायचंय. त्यासाठी साडेचार माणसं लागतात, म्हणून दोघांना नव्याने घेतलं.

तिसऱ्या महिन्यात नवे दोघे शिकतात आणि जुन्यांपैकी एक जण त्यांना शिकवतो. काम करणारे उरले दोघे. महिनाअखेर ७ मनुष्य-महिने शिल्लक राहतात. कुणालाच घेतलं नसतं तर ६ राहिले असते. हातातल्या एका महिन्यात पाच जण पाचच करणार, म्हणजे मुदत हुकलीच.

तरीही कागदावर पाच जण पाचव्या महिन्याच्या मध्याआधी सुटतात आणि मूळ तिघांना तो अख्खा महिना लागतो. मग नुकसान कुठे होतं? तिघांत वाटलेलं काम आता पाच जणांत वाटायचं, तेव्हा अर्धवट झालेलं काही वाया जातं. तिघांत बोलणाऱ्या जोड्या ३ असतात, पाच जणांत १०. तुकडे वाढले की ते जोडून तपासायलाही जास्त वेळ लागतो. या सगळ्यात ३ मनुष्य-महिन्यांहून जास्त भर पडली की मदतीला आलेल्यांमुळेच तारीख पुढे जाते. माझ्या मते नियमाचा खरा जीव या तीन मनुष्य-महिन्यांत आहे, कारण वेळापत्रकात त्यांची कुठेच नोंद नसते.

ओएस/३६०मध्ये प्रणालीचं तांत्रिक वर्णन लिहायचं होतं. दहा निवडक जणांच्या गटाने दहा महिने मागितले, मुदतीपेक्षा तीन जास्त. दुसऱ्या गटाकडे दीडशे माणसं होती आणि ते वेळेत करू म्हणाले. ब्रूक्स यांनी काम त्यांना दिलं. तेही तीन महिने उशिरा झालं आणि दर्जा घसरला तो वेगळाच. त्यापायी चुका शोधण्यात एक वर्ष वाढलं, असा अंदाज त्यांनी स्वतःच नोंदवला आहे.

नियम सरसकट लागू पडत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. १९९१ साली अब्देल-हमीद आणि मॅडनिक या संशोधकांनी प्रकल्पाचं गणिती प्रारूप मांडलं. त्यात माणसं वाढवल्यावर खर्च दर वेळी वाढला, पण उशीर दर वेळी वाढला नाही. माणसं लवकर आली तर शिकण्यात गेलेला वेळ भरून निघायला अवधी मिळतो.