एक तडकलेला पत्रा आणि चार माणसं: तुमच्या जागेत कोणाला इजा झाली तर

इंग्लंड आणि वेल्समध्ये दुकान, गोदाम किंवा वर्कशॉप चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"मला न विचारता जो आत शिरला, त्याला लागलं तर पैसे मी का द्यायचे?" हा प्रश्न आम्हाला दर महिन्याला कोणीतरी विचारतं, आणि विचारणाऱ्याचा राग आम्हाला समजतो. उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे पत्रक लिहिलं.

आधी एक खुलासा. जबाबदारी कोणाची हे ठरवताना कायदा मालकीच्या कागदापेक्षा ताबा बघतो. कुलूप कोण लावतं, दुरुस्तीला माणूस कोण बोलावतं, आत कोणाला घ्यायचं हे कोण ठरवतं, यावरून ताबा कोणाचा ते कळतं. एकाच इमारतीचे दोन ताबेदारही असू शकतात. दुकान तुमच्याकडे आणि छप्पर घरमालकाकडे, अशी वाटणी असेल तर भाडेकरार काढून छपराबद्दल काय लिहिलंय ते एकदा नीट वाचा.

आता एक दुकान डोळ्यांसमोर आणा. दुकानाला लागून मागे गोदाम आहे. त्याच्या सपाट छपरात उजेडासाठी प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा बसवलेला आहे. जुना झाल्यामुळे तो पिवळा पडलाय, त्यावर शेवाळ चढलंय आणि एका कोपऱ्यात तडा गेलाय. दुकानदाराला तडा माहीत आहे, कारण पाऊस आला की तिथून पाणी गळतं.

पहिला माणूस गिऱ्हाईक. गळलेलं पाणी दुकानाच्या फरशीवर येतं, बाई घसरतात, मनगट मोडतं. त्या तुमच्या परवानगीने आलेल्या आहेत, त्यामुळे त्यांना ताबेदाराच्या जबाबदारीचा 1957 चा कायदा, म्हणजे ऑक्युपायर्स लायबिलिटी अॅक्ट, लागू होतो. ज्या कामासाठी त्यांना आत घेतलं, ते करताना त्या वाजवी प्रमाणात सुरक्षित राहतील एवढी काळजी तुम्ही घ्यायचीच. या कर्तव्यासाठी आणखी कुठली अट नाही. 'फरशी ओली आहे' अशी पाटी लावली होती म्हणून आपोआप सुटका होत नाही. पाटी वाचून माणसाला सुरक्षित राहता आलं पाहिजे. गल्ल्याकडे जायची एकमेव वाट त्याच पाण्यातून असेल, तर पाटीचा उपयोग काय? 'इजा झाल्यास आम्ही जबाबदार नाही' ही पाटी तर व्यवसायाच्या जागेत निष्काळजीपणामुळे झालेल्या शारीरिक इजेसाठी चालतच नाही. अशा पाट्यांवर पैसे घालवू नका.

परवानगीला हद्द असते, हेही लक्षात ठेवा. याच बाई 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' लिहिलेलं दार ढकलून गोदामात गेल्या, तर तिथे त्या विनापरवानगी शिरलेल्या ठरू शकतात. मात्र तुमचा नोकर गिऱ्हाइकांना त्याच दारातून स्वच्छतागृहाकडे पाठवत असेल, तर ती परवानगीच झाली, दारावर काहीही लिहिलेलं असो.

दुसरा माणूस पत्रे बदलायला आलेला कारागीर. तोही परवानगीने आलेला आहे. पण आपल्या धंद्यातले नेहमीचे धोके त्याने स्वतः ओळखावेत अशी अपेक्षा कायदा ठेवतो. जुना प्लास्टिकचा पत्रा वजन पेलत नाही, हे त्याला ठाऊक असायला हवं. पण कोणीतरी पूर्वी त्या पत्र्यावर डांबर फासलं असेल, तो बाकीच्या छपरासारखाच दिसत असेल आणि हे तुम्हाला माहीत असेल, तर त्याला सांगणं तुमचं काम. तो धोका त्याच्या कौशल्यातला राहत नाही, कारण डोळ्यांना तो दिसतच नाही.

तिसरा आहे मुलगा, आणि खरा फरक इथे सुरू होतो.

1929 च्या एका निकालानुसार विनापरवानगी शिरलेल्याला मुद्दाम किंवा बेदरकारपणे इजा करायची नाही, एवढंच बंधन होतं, शिरणारा लहान मूल असला तरी. 1972 साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे सहा वर्षांच्या मुलाचं प्रकरण आलं. रेल्वेच्या मोडलेल्या कुंपणातून जाऊन तो विजेच्या रुळावर भाजला होता. न्यायमूर्तींनी जुना नियम सोडला आणि साध्या माणुसकीची कसोटी लावली. त्यातूनच विनापरवानगी शिरलेल्यांसाठी याच नावाचा 1984 चा कायदा आला. या कायद्याखाली कर्तव्य आपोआप लागू होत नाही, तीन गोष्टी जुळाव्या लागतात. धोका तुम्हाला माहीत होता किंवा तसं मानायला कारण होतं. धोक्याच्या आसपास कोणी येतं किंवा येऊ शकतं, हेही माहीत होतं किंवा कळायला कारण होतं. आणि त्या धोक्यापासून थोडंफार संरक्षण देण्याची अपेक्षा तुमच्याकडून रास्त होती. तिन्ही सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर असतो.

आपल्या दुकानात बारा वर्षांचा मुलगा चेंडू काढायला कचऱ्याच्या डब्यावरून छपरावर चढतो, पत्र्यावर पाय ठेवतो आणि खाली पडतो. पत्रा कमजोर आहे हे दुकानदाराला माहीत होतं. छपरावरचे दोन चेंडू त्याने स्वतः खाली टाकले होते, मुलांना ओरडलाही होता. म्हणजे मुलं येतात हेही माहीत होतं. डबा भिंतीपासून हलवायला काही खर्च नव्हता आणि पत्र्यावर जाळी बसवणं एका दिवसाचं काम होतं. तिन्ही गोष्टी जुळल्या. 2005 साली अशाच एका प्रकरणात, शाळेच्या छपरातल्या उजेडाच्या पत्र्यातून खाली पडलेल्या बारा वर्षांच्या मुलाचा दावा मान्य झाला. धोका त्यालाही कळायला हवा होता म्हणून भरपाई निम्मी झाली. समजा नुकसान 40,000 पौंड ठरलं, तर हाती 20,000 पौंड. पडताना त्याचा फोन फुटला असता तर त्याचे पैसे या कायद्याखाली मिळत नाहीत. गिऱ्हाईक बाईंना मात्र फोनचेही मागता आले असते.

याच्या शेजारी 2006 चं एक प्रकरण ठेवून बघा. अकरा वर्षांचा मुलगा आगीच्या वेळी उतरायच्या लोखंडी जिन्याला बाहेरच्या बाजूने लोंबकळत चढला आणि पडला. दावा फेटाळला गेला. जिन्यात काही दोष नव्हता, तो मोडलेला नव्हता; धोका मुलाच्या चढण्यात होता. आमच्या मते जागेची पाहणी करताना हा सर्वात कामाचा प्रश्न आहे: धोका वस्तूत आहे की माणसाच्या करण्यात? तडकलेला पत्रा वस्तूतला धोका आहे. तीच भिंत, तेच छप्पर धडधाकट असतं आणि मुलगा कडेवरून घसरला असता, तर उत्तर बहुधा वेगळं आलं असतं.

चौथा माणूस जानेवारीतल्या मध्यरात्री छपरावरून आत शिरू पाहणारा चोर. पत्रा तोच, तडा तोच. पण त्या वेळी तिथे कोणी येईल असं मानायला दुकानदाराकडे कारण नव्हतं, म्हणून दुसरी अट तुटते. फोकस्टन बंदराच्या एका प्रकरणात हाच मुद्दा होता. उन्हाळ्यात तिथे लोक पोहतात हे माहीत असलं, तरी डिसेंबरातल्या मध्यरात्री कोणी उडी मारेल हे अपेक्षित नव्हतं. माहिती त्या वेळेपुरती तपासली जाते.

म्हणून मुलांना हाकललंत की तारीख वहीत लिहा, आणि त्याच दिवशी काय केलं तेही: डबा हलवला, जाळी मागवली, छपरावर 'पत्रा कमजोर आहे' अशी पाटी लावली. नुसती पहिली नोंद असेल तर ती तुमच्याविरुद्ध जाते, कारण तुम्हाला माहीत होतं याचा तोच पुरावा ठरतो. नोंद न करणं हा त्यावरचा उपाय नव्हे. ओरडताना शेजाऱ्यांनी पाहिलेलंच असतं. वह्या जपून ठेवा. प्रौढाला दाव्यासाठी साधारण तीन वर्षं असतात, पण मुलासाठी ती अठराव्या वाढदिवसापासून मोजतात. आज बारा वर्षांचा असलेला मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत तुमच्यावर दावा लावू शकतो.