वरचा स्क्रू कशाच्या जोरावर टिकतो?

पुस्तकांची फळी भिंतीवरून निसटते तेव्हा ती सरळ खाली घसरत नाही. आधी ब्रॅकेटचा वरचा भाग भिंतीपासून केसभर सुटतो, फळी पुढे झुकते, वरचा स्क्रू भोकात बसवलेल्या गिट्टीसकट बाहेर येतो आणि मग सगळा डोलारा कोसळतो. खालचा स्क्रू पुष्कळदा भिंतीतच वाकून राहिलेला दिसतो. गिट्टी आणि स्क्रू निवडताना विचार करायचा तो या वरच्या स्क्रूचा, कारण वजन खाली ढकलत असलं तरी त्याला बाहेर ओढलं जातं.

ही ओढ किती असते ते आकड्यांत पाहू. ९० सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद फळी घ्या. पुस्तकं आणि फळी मिळून ३० किलो धरा, म्हणजे दोन ब्रॅकेट असतील तर प्रत्येकावर १५ किलो. पुस्तकांचं वजन सरासरीने फळीच्या मध्यावर, भिंतीपासून साडेबारा सेंटिमीटरवर पडतं. ब्रॅकेट आपल्या खालच्या टोकाभोवती फिरू पाहतो आणि वरचा स्क्रू त्याला अडवतो. वरचा स्क्रू त्या टोकापासून २० सेंटिमीटर उंच असेल, तर ओढ होते १५ गुणिले १२.५ भागिले २०, म्हणजे सव्वानऊ-साडेनऊ किलो. आता तीच फळी आखूड ब्रॅकेटवर ठेवा, ज्यात वरचा स्क्रू खालच्या टोकापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर आहे. पुस्तकं तीच, पण ओढ थेट साडेसदतीस किलोंवर जाते. म्हणून एल आकाराच्या ब्रॅकेटची लांब बाजू भिंतीला लावायची आणि आखूड बाजू फळीखाली घ्यायची. पुष्कळ जण नेमकं उलटं करतात आणि दोष गिट्टीला देतात.

कुणी उंचावरची वस्तू काढताना फळीच्या पुढच्या कडेवर हात टेकला, तर २० किलोचा तो भार भिंतीपासून २५ सेंटिमीटरवर येतो. हात एका ब्रॅकेटच्या जवळ असेल तर आपल्या लांब ब्रॅकेटच्याही वरच्या स्क्रूवर आणखी २५ किलोची ओढ पडते. हिशेब नेहमी या हाताचाही करावा, नुसत्या पुस्तकांचा नको.

आता ही तीस-पस्तीस किलोची ओढ भिंत कशी पेलते ते बघू. पूर्वी विटांच्या भिंतीत छिन्नीने खाच पाडून लाकडाचा तुकडा ठोकत आणि त्यात स्क्रू पिळत. लंडनच्या जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी १९११ मध्ये तंतूंच्या गिट्टीचं पेटंट घेतलं, आणि १९५८ मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी नायलॉनची फुगणारी गिट्टी आणली. आजही कित्येक कारागीर गिट्टीला ‘फिशर’च म्हणतात. दोघांच्या युक्तीचं मूळ एकच: स्क्रू आत शिरला की गिट्टी फुगते, भोकाच्या बाजूंवर दाबली जाते आणि त्या दाबातून आलेलं घर्षण तिला धरून ठेवतं. पण त्यासाठी भोकाच्या भोवतीचा माल तो दाब सहन करणारा हवा. भिंतींचा फरक सुरू होतो तो इथेच.

भरीव काँक्रीटमध्ये हा दाब घ्यायला चहूबाजूंनी घट्ट माल असतो, त्यामुळे तिथे साधी फुगणारी नायलॉनची गिट्टी उत्तम चालते. चुका होतात त्या गिलाव्यात आणि भुकटीत. भिंतीवर १५ मिलिमीटर गिलावा असेल आणि गिट्टी ४० मिलिमीटरची असेल, तर काँक्रीटमध्ये उरते फक्त २५ मिलिमीटर. गिलाव्यातला भाग धरायच्या कामाचा नाही, तो मोजूच नये. आपल्या फळीसाठी ८ मिलिमीटर जाडीची, ५० मिलिमीटर लांबीची गिट्टी घेऊ, म्हणजे ३५ मिलिमीटर काँक्रीटमध्ये बसेल. तिच्यात ५ मिलिमीटर जाडीचा स्क्रू. लांबी अशी काढायची: गिट्टी ५०, ब्रॅकेटचा पत्रा ३, आणि टोक गिट्टीच्या पलीकडे थोडं निघावं म्हणून स्क्रूच्या जाडीइतके ५. होतात ५८, म्हणून ६० मिलिमीटरचा स्क्रू. टोक बाहेर आलं नाही तर गिट्टी शेवटापर्यंत फुगत नाही, आणि सगळ्यात चांगली पकड असते ती तिथेच, खोलवर.

भोक ८ मिलिमीटरच्या बिटने, ड्रिलचा हॅमर म्हणजे ठोके देणारी सोय चालू ठेवून, ६५ मिलिमीटर खोल पाडायचं. बिटवर तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळली की खोली कळते. मग भोकातली भुकटी पंपाने फुंकून किंवा व्हॅक्यूमने ओढून काढायची. हे टाळलं तर गिट्टी काँक्रीटवर न दाबता भुकटीच्या थरावर दाबली जाते, आणि तो थर सरकतो. गिट्टी बोटाने अर्धी जावी आणि पुढे हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी बसावी. नुसत्या बोटाने पूर्ण आत गेली तर भोक सैल झालंय. मध्येच बिट थबकला, कर्कश आवाज आला आणि भुकटी यायची थांबली, तर पुढे सळई आहे. ती कापायच्या भानगडीत न पडता भोक बाजूला घ्यावं. स्विच किंवा सॉकेटच्या सरळ वर-खाली मात्र कुठल्याच भिंतीत भोक पाडू नये, वायर बहुधा तिथूनच गेलेली असते.

पोकळ वीट सगळ्यांत फसवी असते, कारण गिलाव्यामागे ती भरीव विटेसारखीच दिसते. तिच्या आत बोळ असतात आणि त्यांच्यामध्ये बोटभर किंवा त्याहून पातळ पडदे. भाजलेली माती दाब पुष्कळ सोसते, पण ताण फार थोडा. फुगणारी गिट्टी पातळ पडद्यातल्या भोकाला आतून रुंदावते तेव्हा भोकाच्या कडेवर ताण येतो आणि पडदा चिरतो. हॅमर चालू असेल तर चिरण्यापर्यंतही वेळ येत नाही: बिट पडद्याच्या पलीकडे निघताना मागची बाजू खापरीसारखी उडते, आणि समोरून नीट ८ मिलिमीटरचं दिसणारं भोक मागे अंगठ्याएवढं झालेलं असतं. म्हणून इथे हॅमर बंद ठेवायचा, धारदार बिट घ्यायचा आणि नुसतं फिरवून भोक पाडायचं. वेळ जास्त लागतो, तो लागू द्यावा.

भिंत कशाची आहे हे बिटच सांगतो. करडी भुकटी आणि सतत सारखा विरोध म्हणजे काँक्रीट. लाल भुकटी आणि मध्येच बिट हिसका बसून पुढे जातो, पुन्हा अडतो, म्हणजे पोकळ वीट. पांढरी मऊ भुकटी आणि सेंटिमीटरभरातच बिट आरपार, म्हणजे ड्रायवॉल, जिप्सम बोर्डाची पोकळ भिंत. विटेच्या बाबतीत मी एक पायरी कधीच सोडत नाही. आधी ४ मिलिमीटरच्या बिटने भोक पाडतो आणि टोकाला छोटा आकडा केलेली बारीक तार आत घालतो. आकडा पहिल्या पडद्यामागे अडकवून ओढला की गिलावा आणि पडदा मिळून जाडी कळते, आणि तार पुढे सरकवली की दुसरा पडदा किती खोल आहे तेही समजतं.

गिट्टी या मापावर निवडायची. पहिला पर्याय म्हणजे स्क्रू ओढून घेईल तशी पोकळीत आखडून गाठ होणारी गिट्टी. ती घर्षणावर अवलंबून राहत नाही. पडद्यामागे झालेली गाठ भोकातून परत येऊ शकत नाही, ही तिची पकड. तिच्या तोंडाला कड असलेली निवडावी, नाहीतर ती पोकळीत घरंगळते. दुसरा पर्याय, ८० मिलिमीटर किंवा अधिक लांबीची गिट्टी, जी दोन-तीन पडदे ओलांडून जाते आणि ओढ त्यांच्यात वाटली जाते. आपल्या ३० किलोंच्या फळीसाठी मला हीच योग्य वाटते. भार याहून मोठा असेल तर भोकात जाळीची नळी बसवून तिच्यात रेझिन भरायचं आणि आटे असलेली सळई रोवायची. रेझिन जाळीतून पोकळीत फुगून निघतं आणि तिथेच कडक होतं. फुगण्याचा दाब नसल्यामुळे पडद्यावर ताण येत नाही. मात्र कडक व्हायला लागणारा वेळ तापमानावर अवलंबून असतो आणि तो ट्यूबवर छापलेला असतो. तोवर फळी टांगू नये.

स्क्रू आवळताना हाताला जे जाणवतं त्याकडे लक्ष द्यावं. विरोध हळूहळू वाढून ठाम थांबला तर गिट्टीने धरलंय. स्क्रू जड होऊन एकदम हलका झाला तर पडदा चिरलाय किंवा गाठ फाटलीय. नुसताच फिरत राहिला तर गिट्टीही सोबत फिरतेय. अशा भोकात काडी किंवा कागद कोंबून काम भागवलं तर स्क्रू आवळल्यासारखा वाटतो, पण पुस्तकं ठेवल्यावर तो टिकत नाही.

ड्रायवॉलमध्ये तर धरायला मालच नसतो. साधारण साडेबारा मिलिमीटर जाडीचा जिप्समचा ठिसूळ गाभा, दोन्ही अंगांना कागद, आणि त्यामागे पोकळी. पिळून बसवायच्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या मिळतात, त्या घड्याळ किंवा फोटोफ्रेमसाठी ठीक आहेत. मागे छत्रीसारखे उघडणारे धातूचे अँकर बरेच मजबूत असतात, कारण ते ओढ बोर्डाच्या मागच्या बाजूवर पसरवतात. फक्त ते बोर्डाच्या जाडीप्रमाणे घ्यावे लागतात आणि दुहेरी बोर्डाला वेगळा अँकर लागतो. पण अँकर कितीही दणकट घेतला तरी शेवटी तुटतो तो बोर्डच. शिवाय ब्रॅकेटचं खालचं टोक बोर्डात दाबलं जातं, कागदावर खळगा पडतो, ब्रॅकेट थोडा झुकतो आणि वरच्या स्क्रूला आणखी ओढ लागते.

त्यामुळे पुस्तकांची फळी बोर्डावर नव्हे, मागच्या खांबांवर टांगावी. बोर्ड खांबांना स्क्रूने जोडलेला असतो, म्हणून एक छोटं पण ताकदवान लोहचुंबक भिंतीवरून फिरवलं की ते स्क्रूंवर चिकटतं आणि खांबाची उभी रेघ सापडते. खांब बहुधा ४० किंवा ६० सेंटिमीटर अंतरावर असतात. ६० असेल तर ९० सेंटिमीटरच्या फळीचे दोन्ही ब्रॅकेट लागोपाठच्या खांबांवर बसतात आणि दोन्ही कडांना १५-१५ सेंटिमीटर फळी पुढे राहते. खांब लाकडी असेल तर गिट्टी नकोच. ३ मिलिमीटरचं आधीचं भोक पाडून ५ मिलिमीटर जाडीचा, ६० मिलिमीटर लांब लाकडाचा स्क्रू थेट पिळावा. पत्रा आणि बोर्ड वजा जाता चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर लाकडात जातो. खांब पातळ पत्र्याचा असेल तर स्क्रूचा एखादाच आटा त्यात धरतो. तिथे पत्र्याला भोक पाडून मागे आडवा होणारा अँकर घालावा, किंवा तीन-चार खांबांना जोडणारी लाकडी पट्टी आधी भिंतीवर बसवून ब्रॅकेट तिच्यावर घ्यावेत.

नायलॉन सततच्या भाराखाली हळूहळू ढिलं पडतं, आणि गिट्टीच्या पाकिटावर भिंतीच्या प्रकारानुसार दिलेला भार मोडण्याच्या भारापेक्षा बराच कमी ठेवण्यामागे हेही एक कारण आहे. म्हणून फळी लावल्यावर काही आठवड्यांनी ब्रॅकेटच्या वरच्या कडेमागे कागदाचा तुकडा सरकवून पाहावा. जात नसेल तर ठीक. जात असेल, किंवा स्क्रूभोवती गिलाव्यात बारीक गोल तडा दिसत असेल, तर आधी पुस्तकं उतरवायची आणि मगच पाना लावायचा. काँक्रीटमध्ये तेच भोक १० मिलिमीटरचं करून मोठी गिट्टी बसवता येते. पोकळ विटेत भोक मोठं केल्यास पडदा आणखी फुटतो, म्हणून तिथे जाळी आणि रेझिन. ड्रायवॉलमध्ये ती जागा सोडून खांब शोधावा.