फ्लशेबल वेट वाइप्स

फ्लशेबल वेट वाइप्स म्हणजे शौचानंतर अंग पुसण्यासाठी वापरले जाणारे ओले वाइप्स. ते कमोडमध्ये टाकून फ्लश केले तरी चालतात, असा दावा त्यांच्या पाकिटावर केलेला असतो. दुकानात ते टॉयलेट पेपर आणि टिश्यू यांच्या शेजारीच मांडलेले असले, तरी पाण्यात पडल्यावर या तिघांची गत वेगवेगळी होते.

टॉयलेट पेपर लाकडाच्या लगद्यातील आखूड तंतूंचा बनतो. हे तंतू केवळ हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात; पाणी शिरताच बंध सुटतात आणि थोड्याशा हालचालीने कागदाचा लगदा होतो. नाक पुसायचा टिश्यू आणि किचन टॉवेल ओले झाल्यावर फाटू नयेत म्हणून त्यांत बहुधा विशिष्ट राळ मिसळलेली असते, त्यामुळे ते दिसायला टॉयलेट पेपरसारखे असूनही कमोडमध्ये टाकण्यायोग्य नसतात. साध्या बेबी वाइप्समध्ये अनेकदा पॉलिएस्टर आणि व्हिस्कोसचे लांब तंतू पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी एकमेकांत गुंतवलेले असतात. फ्लशेबल वाइप्समध्ये प्लॅस्टिक टाळून लगदा व आखूड सेल्युलोज तंतू वापरतात आणि त्यांची गुंतवण सैल ठेवतात. मात्र जो वाइप पाकिटात महिनोन्महिने ओला राहूनही अखंड राहायला हवा, त्यानेच सांडपाण्याच्या पाइपमध्ये गेल्यावर लगेच विरघळावे, ही अपेक्षा मुळातच अवघड आहे.

म्हणूनच या दाव्याच्या कसोटीवर वाद आहे. पाण्याने भरलेली पेटी डोलवत ठेवून वाइपचा किती भाग तुटून चाळणीतून जातो, हे मोजण्याची चाचणी उत्पादक संघटना आणि सांडपाणी संस्था दोघेही घेतात. पण उत्पादकांच्या नियमावलीत पेटी जास्त वेळ आणि जास्त जोराने हलवली जाते, तर सांडपाणी संस्थांच्या मते सांडपाण्याच्या खऱ्या पाइपमधील प्रवाह त्याहून बराच संथ असतो. टोरांटोतील रायर्सन विद्यापीठाने 2019 मध्ये 101 उत्पादने तपासली. त्यांतील 23 उत्पादनांवर ‘फ्लशेबल’ असे लिहिलेले होते, तरीही एकही वाइप पुरेसा विरघळला नाही. पाकिटावरील शब्दावर विसंबू नये, असेच यावरून म्हणावे लागते. ही खात्री घरीही करून घेता येते : एका बरणीत पाणी घेऊन टॉयलेट पेपर आणि दुसरीत तेवढ्याच पाण्यात वाइप टाकून दोन्ही सारख्याच हलवाव्यात, पहिलीतले पाणी लवकरच गढूळ होते, दुसरीत बहुधा अखंड चौकोन तरंगत राहतो.

वाइप कमोडच्या वळणातून बहुतेक वेळा सुटतो आणि त्यामुळेच वापरणाऱ्याला सारे ठीक वाटते. तो अडकतो पुढे : पाइपच्या खडबडीत सांध्यावर, आत शिरलेल्या झाडाच्या मुळीवर किंवा उतार कमी असलेल्या जागी. त्यावर दुसरा वाइप अडतो आणि स्वयंपाकघरातून आलेले तेल-तूप त्यावर थिजते. 2017 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील गटारात असा सुमारे 250 मीटर लांब आणि 130 टन वजनाचा गोळा सापडला. त्याचा एक तुकडा पुढे लंडनच्या संग्रहालयात मांडण्यात आला. घरात याची चाहूल अशी लागते : फ्लशचे पाणी आधी वर चढून मग हळूहळू उतरते, न्हाणीघराच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो आणि बाहेरचे चेंबर उघडल्यावर ते तुंबलेले दिसते. महाराष्ट्रात सेप्टिक टँक असलेली घरे पुष्कळ आहेत. टाकीत पाणी जवळजवळ स्थिर असल्याने तेथे वाइप तुटत नाही. तो गाळात साठतो किंवा निचऱ्याच्या तोंडाशी बसतो.

त्वचेचा त्रासही त्याच ओलेपणातून येतो. ओल्या वाइपवर जंतू व बुरशी वाढू नये म्हणून परिरक्षक घालावे लागते, आणि वाइपने पुसलेली जागा नंतर धुतली जात नसल्याने ते त्वचेवर राहते. मेथिलआयसोथायाझोलिनोन हे परिरक्षक त्वचेला लागल्याने होणाऱ्या ॲलर्जीसाठी इतके कुप्रसिद्ध झाले, की अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 चे ‘वर्षाचे ॲलर्जन’ म्हणून त्याची निवड केली आणि युरोपीय संघाने 2017 पासून धुऊन न काढायच्या सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली. सुगंधी द्रव्येही असाच त्रास देतात. गुदद्वाराभोवती खाज सुटली की माणूस स्वच्छतेसाठी आणखी वाइप्स वापरतो आणि खाज वाढतच जाते. वाइप्स पूर्णपणे बंद केल्यावर काही आठवड्यांत ती ओसरली, तर संशय बळावतो. निदान मात्र त्वचारोगतज्ज्ञाच्या पॅच टेस्टनेच होते. या चाचणीत पाठीवर लावलेल्या पट्ट्या साधारण 48 तासांनी काढून त्वचेची प्रतिक्रिया त्यानंतरही पुन्हा तपासतात.

नाजूक त्वचेला साधे कोमट पाणी सर्वांत मानवते. आपल्याकडील तांब्या किंवा जेट स्प्रे त्यासाठी पुरेसा आहे, मात्र जेटचा जोर कमी ठेवावा आणि त्या जागी साबण लावू नये. नंतर बिनवासाच्या मऊ टॉयलेट पेपरने किंवा सुती कापडाने न घासता टिपून घ्यावे. त्वचा सोलवटली असल्यास पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. प्रवासात किंवा रुग्णाच्या अंथरुणाशी वाइप वापरावाच लागला, तर तो सुगंधविरहित असावा आणि वापरल्यावर कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकावा. रक्त पडत असेल, जखम भरत नसेल किंवा खाज हटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे.