पॉवरपॉइंटमध्ये स्वतःचं आयकॉन आणि कोरलेली अक्षरं : एका पेवाचं उदाहरण

(आमच्याकडे प्रेझेंटेशन, बॅनर आणि लेबलचं काम देणाऱ्या ग्राहकांसाठी)

मागच्या हंगामात हळदीचे एक व्यापारी आमच्याकडे आले. बाहेरच्या खरेदीदारांना दाखवायला त्यांना दहा स्लाइड हव्या होत्या आणि एका स्लाइडवर पेवाचं चित्र. तयार आयकॉनच्या संग्रहात गोदाम सापडतं, कणगीसारखा सायलो सापडतो, पण हरिपूरचं पेव कुठून सापडणार? जमिनीखालचं, अरुंद तोंडाचं, पोट सुटलेलं हे कोठार सांगलीकराला माहीत, चित्रं काढणाऱ्या परदेशी कंपन्यांना नाही. मग ते आम्ही पॉवरपॉइंटमध्येच काढलं. कसं काढलं ते इथे सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी असं लहान काम तुम्हाला घरीच करता येईल.

सगळा खेळ एका बटणाचा आहे. दोन किंवा जास्त आकार निवडले की वर Shape Format हा टॅब येतो (जुन्या आवृत्त्यांत नुसतं Format). त्यात डावीकडे Merge Shapes असतं. 2013 आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत ते असंच समोर दिसतं. बटण फिकं दिसत असेल तर बहुतेक वेळा एकच आकार निवडलेला असतो, नाहीतर आकार ग्रुप केलेले असतात. ग्रुप सोडवा, मग बटण चालू होईल. आत पाच पर्याय आहेत, पण आपल्याला तीनच लागणार : Union म्हणजे आकार एकजीव करणं, Subtract म्हणजे एकातून दुसरा वजा करणं, आणि Intersect म्हणजे दोघांत सामाईक असलेला भागच ठेवणं.

आता पेव. 6 सेंमी बाजूचा तपकिरी चौकोन काढा, ही जमीन. त्यावर 4 सेंमी व्यासाचं वर्तुळ ठेवा, हे पोट. वर्तुळाचा वरचा काठ जमिनीच्या वरच्या कडेपासून 1.6 सेंमी खाली असू द्या. मान म्हणून 1.2 सेंमी रुंद आणि 2.5 सेंमी उंच आयत घ्या आणि तो जमिनीच्या वर 0.3 सेंमी डोकावेल असा ठेवा. तिन्ही आकार निवडून Align मधलं Align Center दाबलं की ते एका रेषेत येतात.

मान वर डोकावती ठेवायला कारण आहे. ती जमिनीच्या कडेला बरोबर टेकवायला गेलात आणि केसभर खाली राहिली, तर वजाबाकीनंतर पेवाच्या तोंडावर मातीची बारीक पट्टी उरते. खालच्या टोकाचंही तसंच. वर्तुळाला नुसती टेकलेली मान दोन्ही कोपऱ्यांत फट ठेवते, कारण वर्तुळ तिथे वाकलेलं असतं. आपल्या मापात मान वर्तुळात 0.6 सेंमी शिरते, तेवढं पुरे. पेन्सिलीने काढताना आपण टोकाला टोक जुळवतो. इथे मात्र आकार एकमेकांत घुसवायचे.

वर्तुळ आणि मान Shift धरून निवडा आणि Union करा. पेवाचा एकसंध आकार मिळाला. पुढे जाण्याआधी डावीकडच्या पट्टीत स्लाइडवर राइट क्लिक करून Duplicate Slide करा. ही प्रत का, ते लगेच कळेल.

पहिल्या स्लाइडवर आधी जमीन निवडा, मग Shift धरून पेव, आणि Subtract दाबा. जमिनीत पेवाच्या आकाराचं भोक पडलं. इथे निवडण्याच्या क्रमावर सगळं अवलंबून आहे : जो आकार आधी निवडला तो उरतो आणि नंतरचे त्यातून कापले जातात. रंगही पहिल्याचाच येतो. क्रम उलटा झाला तर ते लगेच कळतं. जमीन गायब होते आणि वर डोकावणारा मानेचा 0.3 सेंमीचा तुकडा तेवढा पडद्यावर राहतो. घाबरू नका, Ctrl+Z करा. सगळे आकार एकदम माउसने घेरून निवडले की पहिला कोणता हे आपल्या हातात राहत नाही, म्हणून एकेक करून निवडायची सवय लावा.

आता पेवात हळद भरू. दुसऱ्या स्लाइडवर जमीन पुसून टाका. पेवाचा खालचा भाग झाकेल असा रुंद आयत ठेवा. दोन्ही बाजूंना तो पेवाच्या बाहेर गेला तरी चालेल. पेव, मग आयत, मग Intersect. पोटाचा खालचा भाग तेवढा राहिला, वरून सपाट, खालून गोल. त्याला हळदीचा पिवळा द्या, Ctrl+C करा आणि पहिल्या स्लाइडवर जाऊन Ctrl+V करा. दुसऱ्या स्लाइडवरून चिकटवलेला आकार त्याच जागी उतरतो, त्यामुळे तो भोकात अचूक बसतो, सरकवावा लागत नाही. आयताची उंची बदलून पाव भरलेलं, अर्धं, पूर्ण भरलेलं अशी तीन पेवं करता येतात. साठ्याचा तक्ता दाखवायला आमच्या त्या व्यापाऱ्यांनी नेमकी हीच वापरली.

एक मर्यादा लक्षात ठेवा. ही आज्ञा आकाराची कड पाहते, कडेच्या रेघेची जाडी पाहत नाही. 6 पॉइंट जाड रेघ काढून ती वजा करू म्हणाल तर तेवढी खाच पडणार नाही. खाच हवी असेल तर अरुंद आयत काढून तो वजा करा.

कोरलेल्या अक्षरांचंही गणित वजाबाकीचंच. मागे हळकुंडांचा फोटो, त्यावर पिवळा पट्टा, पट्ट्यावर वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये ‘हळद’, चांगलं 200 पॉइंटचं आणि जाड फॉन्टमध्ये. बारीक अक्षरांतून फोटो दिसतच नाही. टेक्स्ट बॉक्सला No Fill असू द्या. आधी पट्टा, मग टेक्स्ट बॉक्स, Subtract. अक्षरांच्या खिडक्यांतून हळकुंडं दिसू लागतात. अक्षरं पट्ट्याच्याच आत टाइप केली असतील तर हे होणार नाही, कारण मग निवडायला वस्तू एकच उरते. अक्षरांच्याच आकाराचा फोटो हवा असेल तर आधी फोटो, मग टेक्स्ट बॉक्स, आणि Intersect.

देवनागरीत शिरोरेषेवर नजर ठेवा. काही फॉन्टमध्ये दोन अक्षरं जुळतात तिथे कोरल्यानंतर बारीक रेघ राहते. 400 टक्के झूम केलं की ती दिसते. तेवढ्या जागेवर लहानसा आयत ठेवून तोही वजा केला की काम झालं. आणि ‘ळ’च्या पोटातले पिवळे ठिपके पडद्यावर छान दिसतात, पण हीच रचना स्टेन्सिल म्हणून कापायची असेल तर ते गळून पडतात. स्टेन्सिलचं काम असेल तर आधी सांगा, आम्ही त्यांना जोडपट्ट्या ठेवतो.

एकदा कोरलं की ते अक्षर राहत नाही, आकार होतो. छापखान्यात ज्याला ‘फाईल कर्व्ह करणं’ म्हणतात तेच हे. फायदा असा की जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधलं नाव आमच्या मशीनवर उघडल्यावर त्याची चिन्हं होत नाहीत. तोटा असा की ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही. आमच्याच हातून एकदा ‘सांगलि’ असं कोरलेलं बॅनर तयार झालं आणि मूळ टेक्स्ट ठेवलेलं नसल्यामुळे अख्खा पट्टा पुन्हा करावा लागला. म्हणून फाईल पाठवताना न कोरलेल्या अक्षरांची स्लाइड शेवटी जोडून द्या. आयकॉन वेगळं पाठवायचं असेल तर त्यावर राइट क्लिक करून Save as Picture निवडा. SVG चा पर्याय दिसत असेल तर तोच घ्या. PNG चालतं, पण मोठ्या फ्लेक्सवर त्याच्या कडा फुटतात.