ऑक्टोपसची नातलग असलेली कटलफिश खालच्या तळाचा रंग बघून तोच रंग अंगावर आणते?

नाही, कारण तिला रंग दिसतच नाहीत! डोळ्यात प्रकाश ओळखणारं रंगद्रव्य एकाच प्रकारचं, म्हणजे सगळं उजेड-अंधाराच्या हिशोबात. २००६ मध्ये युरोपियन कटलफिशला निळ्या-पिवळ्या चौकटींच्या पटावर ठेवलं, दोन्ही रंगांचा उजळपणा तिच्या डोळ्याला सारखाच वाटेल असा जुळवलेला, तर बाईसाहेबांनी चौकटींची दखलच घेतली नाही आणि अंग एकसारखं ठेवलं. पण काळ्या-पांढऱ्या मोठ्या चौकटी दिल्या की पाठीवर ठळक पांढरा चौकोन उमटतो, चौकटी बारीक केल्या तर नुसते ठिपके.

बरं, मग रंग येतो कुठून? कातडीत वरच्या थरात पिवळ्या, लालसर आणि काळपट तपकिरी रंगाच्या इवल्याशा लवचिक पिशव्या असतात, प्रत्येकीभोवती स्नायू, ते थेट मेंदूच्या हुकमावर चालतात. स्नायूंनी ताणलं की पिशवी पसरून रंगाचा डाग दिसतो, सोडलं की रबरासारखी आकसून टिंब होते, म्हणूनच हे सगळं सेकंदाच्या आत होतं. निळ्या-हिरव्या रंगाची पिशवी मात्र नाहीच, तो रंग खालच्या थरातल्या चकाकणाऱ्या पेशी प्रकाश परावर्तित करून दाखवतात, आणि त्याखालच्या पांढऱ्या पेशी तर जो उजेड पडेल तोच परत फेकतात, हिरवट पाण्यात हिरवट. म्हणजे रंग जुळवण्याचं बरंचसं काम आजूबाजूचा उजेडच करून देतो, ती बघते फक्त उजळ-गडद आणि खालच्या नक्षीचा आकार.