लायपोहायपरट्रॉफी : इन्सुलिनच्या जागच्या चरबीच्या गाठी

इन्सुलिन पुन्हा पुन्हा एकाच जागी टोचल्याने तिथल्या कातडीखालची चरबी फुगते आणि घट्ट होते. तिला वैद्यकशास्त्रात लायपोहायपरट्रॉफी म्हणतात. ग्रीक शब्दांची फोड केली तर ‘चरबीचे अतिपोषण’ असा अर्थ निघतो. रुग्ण मात्र नुसते ‘गाठ’ किंवा ‘इन्सुलिनची गाठ’ म्हणतात. ही गाठ बहुतेक वेळा बेंबीच्या दोन्ही बाजूंना किंवा मांडीच्या पुढच्या भागावर असते. हाताला ती रबरासारखी लागते. ती दुखत नाही, पिकत नाही, लालही होत नाही, म्हणून वर्षानुवर्षे तिच्याकडे कोणी बघत नाही. खरे तर ती त्वचेची तक्रार कमी आणि डोसची तक्रार जास्त आहे.

गाठ इन्सुलिनच्या स्वतःच्या गुणामुळे होते. इन्सुलिन साखर पेशींत घालते हे सर्वांना ठाऊक असते, पण चरबीच्या पेशींना चरबी साठवायला लावणे आणि साठलेली चरबी मोडू न देणे हेही त्याचेच काम. टोचल्यावर ते रक्तात मिसळण्याआधी काही काळ सुईच्या टोकापाशी साचून राहते. त्या जागेच्या पेशींना इतर शरीराच्या मानाने कितीतरी जास्त इन्सुलिन मिळते. दिवसातून दोनदा किंवा चारदा, महिनोन् महिने हेच चालले की पेशी फुगतात. त्यात सुईच्या रोजच्या टोचण्याने होणाऱ्या बारीक इजेची भर पडते. गाठ जुनी होत गेली की तिच्यात तंतू वाढतात आणि रक्तवाहिन्या विरळ होतात. म्हणजे औषध उचलून नेणारी वाटच अरुंद होते.

माणूस तीच जागा का धरून बसतो, याचे उत्तर सरळ आहे. तिथे दुखत नाही. गाठीत संवेदना बोथट झालेली असते, सुई अलगद जाते. शिवाय उजव्या हाताने टोचणाऱ्याला बसल्या बसल्या पोटाच्या ज्या भागात हात सहज पोहोचतो, तोच रोज निवडला जातो. ‘माझी जागा ठरलेली आहे’ हे वाक्य रुग्ण अभिमानाने सांगतात आणि ऐकणाऱ्यालाही ते शिस्तीचे लक्षण वाटते. एकच सुई अनेक दिवस वापरणे हे दुसरे कारण. सुईचे टोक बोथट होते, तिच्यावरचा गुळगुळीत लेप निघून जातो आणि प्रत्येक टोचण्याची इजा वाढते. सुया विकत घ्याव्या लागतात, म्हणून हा काटकसरीचा मार्ग घरोघरी दिसतो. त्यात रुग्णाला दोष देण्यासारखे फारसे काही नाही, पण गाठीचे गणित त्याने बदलत नाही.

आता मुख्य मुद्दा. गाठीत टोचलेले इन्सुलिन रक्तात कमी जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे रोज वेगळ्या प्रमाणात जाते. जर्मनीत टाइप १ मधुमेह असलेल्या 13 जणांवर झालेला एक प्रयोग 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तेच जलद इन्सुलिन, त्याच मात्रेत, कधी गाठीत आणि कधी निरोगी जागी टोचून पाहिले. गाठीत टोचल्यावर जेवणानंतरची साखर निदान 26 टक्क्यांनी जास्त राहिली. त्याच माणसाच्या रक्तात एका वेळी किती इन्सुलिन पोहोचते आणि दुसऱ्या वेळी किती, यातली तफावत तर निरोगी जागेच्या चौपटीहून जास्त निघाली. नुसते शोषण कमी असते तर डोस वाढवून भागले असते. पण आज अर्धे पोहोचले आणि उद्या जवळपास पूर्ण, असे असेल तर कोणताच आकडा बरोबर ठरत नाही.

एक रुग्ण कल्पून हे पाहू. सांगलीकडची 58 वर्षांची बाई, चार वर्षांपासून मिश्र इन्सुलिन (30/70) घेते, सकाळी नाश्त्याआधी 20 युनिट, रात्री जेवणाआधी 14. टोचते बेंबीच्या डाव्या-उजव्या बाजूला, दोन बोटांच्या अंतरात. दुसऱ्या वर्षापासून साखर हलायला लागते. उपाशीपोटीची एक दिवस 110, दोन दिवसांनी 260, आणि जेवण तर तेच, भाकरी-भाजी. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी 9.2 येते. ‘बाहेरचं काही खाता का?’ असे विचारले जाते, ती नाही म्हणते, कोणाचा विश्वास बसत नाही. डोस वाढत वाढत सकाळी 34 आणि रात्री 24 होतो, दिवसाचे 58 युनिट.

मग ती मुलीकडे पुण्याला जाते. मुलगी म्हणते, ‘आई, पोटावर किती टोचतेस, मांडीवर घे की.’ रात्रीचे 24 युनिट मांडीच्या ताज्या चरबीत जातात. पोटाच्या गाठीत यातले बरेचसे अडकून राहत होते, मांडीतून सगळे उतरते. रात्री दोनच्या सुमाराला घाम, थरथर, बोलणे अडखळते. साखर 48. साखरपाणी देऊन ती सावरते, पण घरातले ठरवून टाकतात की मांडीचे इंजेक्शन तिला सोसत नाही. ती पुन्हा पोटावर येते. वास्तविक मांडीने फक्त खरा डोस उघड केला होता.

पुढच्या भेटीत डॉक्टर पोट उघडून हात फिरवतात, आणि बेंबीच्या दोन बाजूंना लिंबाएवढ्या दोन गाठी सापडतात. गाठी तशाच सोडून निरोगी जागा धरायची ठरते. त्याच वेळी डोस दिवसाला 58 वरून 46 वर आणला जातो, सकाळी 28 आणि रात्री 18, म्हणजे साधारण पाचवा हिस्सा कमी. ही कपात कितीची असावी हे रुग्णागणिक बदलते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते. स्वतःहून इन्सुलिन बंद करणे किंवा एकदम अर्धे करणे तितकेच धोक्याचे आहे. पहिले दोन आठवडे सकाळी उपाशीपोटी, रात्रीच्या जेवणाआधी, झोपताना आणि अधूनमधून पहाटे तीनला साखर मोजली जाते. अशा रुग्णांत पुढे डोस आणखी उतरतो. या बाईचा 40 युनिटांवर स्थिरावला असे धरू, तर पूर्वीचे 18 युनिट रोज गाठीवर खर्ची पडत होते.

स्पेनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या 430 जणांच्या पाहणीत (2013) जवळजवळ 64 टक्के लोकांना गाठी आढळल्या. कारण न कळता साखर अचानक उतरण्याचा त्रास गाठी असणाऱ्यांपैकी 39 टक्क्यांना होता, नसणाऱ्यांपैकी फक्त 6 टक्क्यांना. गाठी असणारे सरासरी 56 युनिट घेत होते, नसणारे 41. जागा नीट बदलत राहणाऱ्यांपैकी अवघ्या पाच टक्क्यांना गाठी झाल्या होत्या. कल्पित रुग्णाचे चित्र या आकड्यांशी जुळते, हे लक्षात घ्यावे.

गाठ डोळ्यांनी दिसेलच असे नाही. कित्येक गाठी फक्त हाताला कळतात, म्हणून साडीच्या निऱ्या थोड्या खाली किंवा शर्ट थोडा वर सरकवून, लख्ख उजेडात, रुग्णाला आधी उभे आणि मग आडवे ठेवून तपासतात. बोटांच्या टोकांना थोडी जेली किंवा तेल लावून, हलक्या दाबाने, गोल गोल आणि मग वरून खाली हात फिरवायचा. निरोगी चरबी मऊ लागते आणि बोटे जिथे रबरासारख्या भागावर चढतात तिथे गाठीची कड असते. दोन बोटांत कातडी चिमटीत धरून पाहणेही उपयोगी पडते. निरोगी जागी चिमटी सहज मिटते, गाठीवर ती मिटतच नाही, जाड घडी हातात येते. कड सापडली की पेनाने दोन बाजूंना खुणा करून रुग्णाचाच हात तिथे न्यावा. एकदा स्वतःच्या बोटाला फरक कळला की पुढचे समजावणे सोपे होते. गर्दीच्या ओपीडीत ही दोन मिनिटे मिळत नाहीत, आणि साखर वर गेली की डोस वाढवणे हातासरशी होते. डोस वाढवण्याआधी पोट तपासावे, आणि मिलिलिटरला चाळीस युनिट असलेल्या बाटलीला शंभर युनिटांच्या खुणांची सिरिंज वापरली जात नाही ना, तेही पाहून घ्यावे.

जागा बदलणे म्हणजे डावी-उजवी करणे नव्हे, कारण तसे केले तर दोन गाठी होतात. बेंबीवरून एक उभी आणि एक आडवी रेघ कल्पून पोटाचे चार भाग करतात आणि एक भाग एक आठवडा वापरतात. त्या भागातही प्रत्येक टोचणी आधीच्या टोचणीपासून निदान एक सेंटीमीटर, म्हणजे बोटभर दूर हवी. मांडीचे असेच दोन भाग करता येतात. चार मिलिमीटरची सुई सरळ उभी टोचली तरी बहुतेक प्रौढांत ती चरबीतच राहते, म्हणून लांब सुईची भीतीही राहत नाही. सकाळचे इन्सुलिन पोटावर आणि रात्रीचे मांडीवर असे ठरवले तर ते तसेच पाळावे. साध्या मानवी इन्सुलिनचे शोषण पोटातून लवकर आणि मांडीतून सावकाश होते, त्यामुळे रोज मनाला येईल तशी अदलाबदल केली तर नवाच गोंधळ होतो. पंपाची नळी लावणाऱ्यांनाही याच गाठी होतात. तिथे दोन-तीन दिवस एकाच जागी इन्सुलिन झिरपत राहते.

गाठ चोळून, शेकून किंवा मलम लावून जात नाही. तिला सुईपासून सुट्टी दिली की ती काही आठवड्यांत मऊ पडू लागते आणि काही महिन्यांत बहुधा ओसरते. जुन्या, तंतूंनी भरलेल्या गाठींना याहून जास्त वेळ लागतो. याउलट खळगा पडला असेल तर तो वेगळा विकार, लायपोअॅट्रोफी. गाय-डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनच्या काळात तो बराच दिसे, शुद्ध इन्सुलिन आल्यावर विरळ झाला.

सुट्टी देऊनही गाठ लहान होत नसेल आणि दगडासारखी टणक लागत असेल, तर तिथे चरबी नसून अॅमिलॉइड असू शकते. टोचलेले इन्सुलिनच तिथे गुंतून, न विरघळणाऱ्या धाग्यांच्या रूपाने साचते. अशा गाठीतूनही इन्सुलिनचे शोषण फार कमी होते. बाहेरून ती चरबीच्या गाठीसारखीच दिसते. तिचा तुकडा काढून काँगो रेड रंगाने रंगवला आणि ध्रुवित प्रकाशात पाहिला की ती सफरचंदासारखी हिरवी चमकते, तेव्हाच खात्री पटते.