कॉइल आणि लिक्विड, क्रीम आणि पॅच: डासांवरच्या दोन जोड्यांतला फरक

कॉइल म्हणजे धूर आणि लिक्विडचं मशीन म्हणजे 'बिनविषारी', असा एक समज आहे. क्रीम आणि पॅच या दोन्ही गोष्टी अंगावर लावायच्या, म्हणून त्या एकाच जातीच्या, असा दुसरा. दोन्ही समज चुकीचे आहेत, पण उलट्या दिशांनी. पहिल्या जोडीत औषध जवळजवळ एकाच कुळातलं असतं, फरक वाहनाचा असतो. दुसऱ्या जोडीत दिसणं सारखं, पण काम करण्यात जमीन-अस्मानाचं अंतर.

आधी पहिली जोडी. कॉइलमध्ये आणि लिक्विडमध्ये बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं: अ‍ॅलेथ्रिन, प्रॅलेथ्रिन, ट्रान्सफ्लुथ्रिन वगैरे. हे डासाच्या मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा उघड्याच ठेवतं. त्यामुळे डास आधी बावचळतो, माणसाचा माग काढता येईनासा होतो, आणि मात्रा पुरेशी असेल तर खाली पडतो. म्हणजे डास 'वासाला कंटाळून' पळत नाही, त्याला विषबाधा झालेली असते.

आता हिशोब करून बघू. समजा एक कॉइल 12 ग्रॅमची आहे, आठ तास जळते आणि तिच्यात अ‍ॅलेथ्रिन 0.1 टक्के आहे. म्हणजे रात्रभरात औषध 12 मिलिग्रॅम. दुसरीकडे 45 मिलीची रिफिल आहे, औषध 1.6 टक्के, आणि ती रोज आठ तास चालवून 45 रात्री पुरते असं धरू. रात्रीला 1 मिली, म्हणजे सुमारे 0.8 ग्रॅम द्रव, आणि त्यात औषध जवळपास 13 मिलिग्रॅम. दोन्ही आकडे शेजारी शेजारी बसतात. (वेगवेगळ्या औषधांचा जोर सारखा नसतो, अ‍ॅलेथ्रिनपेक्षा ट्रान्सफ्लुथ्रिन बरंच तेज आहे. त्यामुळे फक्त टक्केवारी बघून दोन उत्पादनांची तुलना करू नये.)

खरा फरक उरलेल्या वजनात आहे. कॉइलमधलं 12 मिलिग्रॅम औषध हवेत सोडण्यासाठी जवळजवळ 12 ग्रॅम लाकडाचा भुसा, करवंटीची भुकटी आणि डिंक धुमसत ठेवावा लागतो. औषध जळत्या टोकावर नाही, तर त्याच्या जरा मागे, तापलेल्या भागातून वाफ होऊन निघतं. निखारा हा फक्त शेगडीचं काम करतो. पण धुमसणं म्हणजे अर्धवट जळणं, आणि त्यातून अतिसूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड, फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतात. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघालेल्या सूक्ष्म कणांचं वजन 75 ते 137 सिगारेटींच्या धुरातल्या कणांएवढं भरलं होतं. ही तुलना कणांच्या वजनाची आहे, कॅन्सरच्या धोक्याची नाही. तरी बंद खोलीत आठ तास, आणि तेही अंथरुणापासून दोन हातांवर, याचा अर्थ दमेकऱ्याला आणि लहान मुलाला वेगळा समजवावा लागत नाही.

'कमी धुराची' कॉइल कोळशाच्या भुकटीची असते. डोळ्यांना धूर दिसत नाही, पण कोळसा धुमसतोच, आणि कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो, वासही नसतो. धूर दिसत नाही म्हणून खिडकी लावून घेतली जाते, आणि तिथेच घात होतो.

लिक्विडमध्ये काही जळत नाही. वातीतून द्रव वर चढतो, तापलेल्या कड्याजवळ त्याची वाफ होते. त्यामुळे काजळीचे कण आणि कार्बन मोनॉक्साइड हा प्रश्नच उरत नाही. पण औषध श्वासात जातंच, आणि बाटलीतला द्रव बहुतांश केरोसीनच्या जातीचा असतो. सकाळी घसा खवखवणं, डोळे चुरचुरणं, चेहऱ्यावर मुंग्या येणं ही मात्रा जास्त झाल्याची खूण. अशा वेळी मशीन कमी जोरावर ठेवा, उशापासून दूर हलवा आणि थोडी हवा खेळती ठेवा. झोपण्याआधी अर्धा-एक तास चालवून, झोपताना बंद करून मच्छरदाणी लावली तर रात्रभराच्या वाफेची गरजही कमी होते. घरात मत्स्यालय असेल तर त्या खोलीत दोन्ही नकोत. पायरेथ्रॉइड माशांना फारच घातक.

मशीन चालू असूनही डास चावत असतील तर लगेच दुसऱ्या कंपनीची बाटली आणू नका. आधी कडं गरम होतंय का ते हात जवळ नेऊन बघा, स्पर्श करू नका. मग बाटलीवर पेनाने पातळीची रेघ मारा आणि चार-पाच रात्रींनी बघा. पातळी हललीच नसेल तर वात चोंदली आहे किंवा रिफिल त्या मशीनची नाही. पातळी नेहमीसारखी उतरत असेल, पंख्याचा झोत थेट मशीनवर नसेल, आणि तरीही डास मशीनशेजारच्या भिंतीवर निवांत बसत असतील, तर त्यांच्यात या गटाला प्रतिकार तयार झाला असण्याची शक्यता मोठी. मग बाटलीवरचं नाव बदललं तरी कुळ तेच राहतं, आणि जोर वाढवला तर त्रास डासापेक्षा आपल्यालाच जास्त.

अशा घरात क्रीम कामी येतं, कारण त्याची पद्धतच वेगळी. डीट, पिकारिडिन यांसारखे पदार्थ डासाला मारत नाहीत. त्वचेवर उतरण्यापासून रोखतात. खोलीच्या हवेत ते नगण्य जातात. पण त्यांचा पल्ला काही सेंटिमीटरचाच: कोपरापर्यंत क्रीम लावलं आणि घोटा सोडला, तर डास घोट्यावर जातो. डीटची टक्केवारी जोर नाही, वेळ सांगते. 10 टक्के साधारण दोन तास, 20 ते 30 टक्के पाच-सहा तास, आणि 50 टक्क्यांपुढे फारसा फायदा नाही. घाम आला, अंग पुसलं की वेळ कमी होतो. सनस्क्रीन लावायचं असेल तर ते आधी, हे नंतर. कपड्यांखाली लावू नये, मुलांच्या तळहातांवर तर नाहीच. दोन महिन्यांखालच्या बाळाला डीट नको, त्याला मच्छरदाणीच. लिंबू-निलगिरीच्या तेलाचं क्रीम तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नये.

पॅच मात्र या पंगतीत बसत नाही. शर्टावर चिकटवलेल्या त्या गोल स्टिकरमध्ये बहुधा सिट्रोनेला किंवा निलगिरीचं तेल असतं. छान वास येतो, आणि फसगत त्या वासामुळेच होते. डास आपल्यापर्यंत येतो तो श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि त्वचेचा गंध यांवरून, आणि बाहीवरच्या एका ठिपक्याने पायाचा गंध झाकला जात नाही. 2002 साली अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत 23.8 टक्के डीटने सरासरी पाच तास संरक्षण दिलं. त्वचेला लावलेली सिट्रोनेलाची उत्पादनं वीस मिनिटंही टिकली नाहीत, आणि औषध भिजवलेले मनगटी पट्टे एक मिनिटसुद्धा नाही. पॅचचं तत्त्व त्या पट्ट्यांचंच. हवेला त्याचा त्रास नाही, हे खरं, डासालाही नाही.

एक गोष्ट मात्र लिक्विडची: बाटली मुलाच्या हाताला लागू देऊ नका. चुकून तोंडात गेलं तर उलटी करवू नका, कारण केरोसीनसारखा द्रव उलटीबरोबर फुप्फुसात उतरण्याचा धोका जास्त. बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. लेबलवर लिहिलेलं औषधाचं नाव डॉक्टरांना लागतं.